दुसऱ्या भेटीचा बेत

पहिल्या भेटीनंतर एक निरोप आला, मग अकरा दिवस त्याचा एकही आला नाही. मी दिवसातून चाळीस वेळा फोन उघडून बघत होते आणि प्रत्येक वेळी स्वतःला शिव्या देत होते. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या मुलीला हे परवडत नाही. समोर गाल सुजलेली माणसं बसलेली असतात आणि त्यांना वाटतं, ही आपल्याकडे बघून रडवेली झाली आहे.

तो त्याच दवाखान्यात भेटला. दाढेच्या मुळाचं काम होतं, तीन खेपा पडल्या. राहायला जवळच्याच दारासुरमला, सौराष्ट्री विणकरांच्या घरातला, आणि काम रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी काढण्याचं. आधी चौकटीच्या कागदावर, मग संगणकावर. त्यांच्या घरी त्यांची वेगळी भाषा, बाहेर तमिळ. आमच्याही घरी वेगळी भाषा, बाहेर तमिळ. कुंभकोणममध्ये यात नवल काहीच नाही. हे मी ज्या मराठीत लिहिते आहे ती पुस्तकांतून शिकलेली आहे. घरातली आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्यांची, आणि महाराष्ट्रातून आलेला माणूस ती ऐकून आधी हसतो.

पहिल्या खेपेला त्याचं तोंड बधिर होतं, तेव्हा तो चिठ्ठीवर लिहून बोलला. दुसऱ्या खेपेला अर्धं तोंड चालत होतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण चालत होतं आणि त्याने विचारलं, रविवारी रात्री जेवायला याल का. मी हो म्हणायला जो वेळ घेतला तो फक्त दिखाव्यापुरता.

ती पहिली भेट कशी फसली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो मला गावातल्या एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर घेऊन गेला. पांढरे रुमाल त्रिकोणी घडी घालून पेल्यात खोचलेले, मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं. त्याचा पगार मला ठाऊक नव्हता, पण त्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली मला दिसत होती. म्हणून मी सगळ्यांत स्वस्त सूप मागवलं. मला काही आवडलं नाही असं समजून त्याने आणखी दोन पदार्थ मागवले. ते बघून मला जास्तच धसका बसला आणि मी त्यातलंही चिमणीएवढंच खाल्लं. मग त्याने आइस्क्रीम मागवलं. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो आणि बिल वाढत होतं.

पैसे फोनवरून भरताना त्याचा व्यवहार दोनदा अडकला. वेटर शेजारी उभा राहून छताकडे बघत होता. शेवटी ‘नेटवर्क नाही’ म्हणत तो उठून गच्चीच्या कोपऱ्यात गेला, कोणाला तरी हळू आवाजात फोन केला, परत आला आणि मग पैसे गेले. नेटवर्क चांगलं होतं. माझ्या फोनवर त्याच वेळी माझी थोरली बहीण, अक्का, तीन निरोप पाठवून चुकली होती, कसं चाललंय म्हणून. त्यानंतर स्टँडपर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला. दुसऱ्या दिवशी एकच निरोप आला: ‘हे मला दर वेळी जमणार नाही. तुम्हांला आधीच सांगायला हवं होतं.’ आणि मग ते अकरा दिवस.

मला तो हवा होता. हे आज मोकळेपणाने लिहिते, तेव्हा स्वतःशीही कबूल करत नव्हते. दिवसभर माणसांचे उघडे जबडे आणि संध्याकाळी मेलकावेरीच्या भाड्याच्या घरात अप्पांचं मौन, यापलीकडे माझ्या आयुष्यात काही नव्हतं; कोणी चिठ्ठीवर लिहून माझ्याशी बोललं नव्हतं. अकराव्या रात्री मी लाज गुंडाळून ठेवली आणि लिहिलं: ‘एकदाच भेटू. बेत मी ठरवते. आवडलं नाही तर पुन्हा त्रास देणार नाही.’ सकाळी उत्तर आलं. त्याला सुट्टी फक्त अमावास्येला असते, त्या दिवशी माग बंद. पुढची अमावास्या मंगळवारी. दुपारपर्यंत वेळ आहे.

एकदाच, असं मीच लिहून बसले होते. आता त्या एका सकाळीत काय करायचं या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. मी इंटरनेटवर शोधलं. कमी खर्चातल्या दुसऱ्या भेटीच्या कल्पना, विद्यार्थ्यांसाठी, नुकते कमवायला लागलेल्यांसाठी. एका सल्ल्यात होतं, दोघांनी मिळून स्वयंपाक करा. कोणाच्या स्वयंपाकघरात? अम्माच्या? दुसऱ्यात, गाडीने लांब फिरायला जा. कोणाच्या गाडीने? तिसऱ्यात, बोर्डगेम खेळायच्या कॅफेत बसा, गच्चीवरून तारे बघा. आमच्या गच्चीवर घरमालकाच्या वड्यांचं वाळवण असतं आणि राखण करायला त्याची आई. मी फोन उशीवर आपटला.

अक्का त्रिचीला असते, लग्न होऊन चार वर्षं झाली. तिला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘ठिकाण कशाला शोधतीस गे? तो काय काय बोलला ते आठीव.’’ रागात असूनही मला ते पटलं. मी दवाखान्याच्या जुन्या अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे आठवून आठवून लिहून काढलं. गर्दीत जेवायला त्याला संकोच वाटतो. सकाळची उन्हं त्याला वर्षानुवर्षं दिसलेली नाहीत, कारण सहा वाजता तो संगणकासमोर असतो. आणि तो म्हणाला होता, शाळेत असल्यापासून मला सगळं चौकटींत दिसतं, तुमच्या दवाखान्याची जाळीसुद्धा मी मनात मोजून ठेवली आहे, अकरा बाय सोळा. हे वाचलं आणि बेत आपोआप उभा राहिला. सकाळी सातची टाउन बस, नाचियार्कोविल्, समया ओतणाऱ्यांचं गाव. तिथे आमच्या ओळखीचं कुत्रंही नाही. देवळातले दगडी खांब, त्यावरची वेलबुट्टी. एक चौकटीची वही, दोन पेन्सिली. त्याने मला खांबावरची नक्षी चौकटींत कशी बसवायची ते शिकवायचं. मग समयांच्या गल्लीत जाऊन ओतकाम बघायचं. कावेरीच्या गाळाचे साचे, त्यात ओततात ते वितळलेलं पितळ. त्याला हातकामाची आवड, बघायला पैसे पडत नाहीत. अकरा वाजता परतीची बस.

आणि एक नियम मी स्वतःसाठी केला. त्याचा हात खिशात जाऊ द्यायचा नाही.

मंगळवारी अप्पा तर्पणाला बसले होते. मी अम्माला सांगितलं, दवाखान्याचं शिबिर आहे. दवाखान्यात सांगितलं, पोट बिघडलंय. दोन्हीकडे खोटं बोलून मी स्टँडवर पोचले तेव्हा तो आधीच उभा होता, हाताची घडी घालून, ओल्या केसांनी. आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत होतो. बस पांढऱ्या पाटीची होती, तिच्यात बायकांना तिकीट नसतं. कंडक्टरने मला फुकटाची चिठ्ठी फाडून दिली आणि त्याच्याकडे हात केला. मला त्या दहा-बारा रुपयांचंसुद्धा वाईट वाटलं. माझा नियम पहिल्याच पायरीवर मोडला होता.

देवळातला तो तास मात्र मी कोणाला देणार नाही. मोठ्या दगडी गरुडाला नमस्कार करून आम्ही बाहेरच्या मंडपात एका खांबाशी बसलो. मी वही काढली. त्याने ती हातात घेतली, पानं उलटली, चौकटी बारीक आहेत हे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘तुमच्या लक्षात होतं?’’ तो म्हणाला. मग तो शिकवायला लागला. वळण सरळ काढायचं नाही. चौकटीची एक पायरी, मग दोन, मग एक. लांबून बघितलं की डोळा स्वतःच तिला गोल करतो. मी काढलेला हंस बदकासारखा झाला आणि तो मोठ्याने हसला. एका म्हाताऱ्या भटजींनी आमच्याकडे बघून घसा खाकरला. तो हसतच राहिला, तोंडावर हात ठेवून. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

बाहेर आल्यावर त्याने कॉफी घेऊ म्हटलं. टपरीवर पितळी पेल्यात कॉफी आली. त्याने फोन खिशातून काढायच्या आत मी पैसे पुढे केले. ‘‘माझ्याकडे सुटे आहेत, उगीच ओझं होतं,’’ मी म्हटलं. त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. पण पुढे फुलवाल्या बाईने त्याला गजरा दाखवला आणि त्याचा हात खिशाकडे गेला, तेव्हा मी चटकन म्हटलं, ‘‘मला फुलांनी डोकं दुखतं.’’ हे खोटं होतं. माझ्या अम्माने हे ऐकलं असतं तर तिला घेरीच आली असती. त्याने हात खाली घेतला आणि आम्ही समयांच्या गल्लीकडे वळलो.

गल्ली बंद होती.

दुकानांपैकी दोन-तीन उघडी होती, पण मागच्या भट्ट्या थंड, दारं ओढलेली, अंगणात साच्यांची माती वाळत पडलेली. कुठेही ठोकण्याचा आवाज नाही. मी एका दुकानदाराला विचारलं. तो चकित झाला. ‘‘अहो, आज अमावास्या. आज कोण भट्टी पेटवतो?’’

खरंच, मला माहीत नव्हतं. मागवाले अमावास्येला सुट्टी घेतात हे मला त्याच्यामुळे कळलं होतं. पण समया घडवणारे, हत्यार धरणारे सगळेच त्या दिवशी हात थांबवतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी हत्याराला हात लावलेला नाही. पूर्वज दरबारात कारकून होते आणि अजून आमच्या घरी ही गोष्ट अशी सांगतात की जणू सिंहासन त्यांच्याच बुडाखाली होतं. अमावास्या म्हणजे तर्पण आणि कांदा नाही, एवढीच आम्हांला माहीत.

साडेनऊ वाजले होते. ऊन चढलं होतं. परतीची बस घ्यायची तर भेट इथेच संपत होती, अर्धवट, बंद दारांसमोर. आणि पुन्हा त्रास देणार नाही असं मी लेखी दिलं होतं. कुठे तरी आत बसू म्हटलं तर हॉटेल, हॉटेल म्हटलं तर बिल. शेतांच्या बांधावर जाऊ म्हटलं तर ऊन. मी त्याच्यापासून दोन पावलांवर उभी राहून अक्काला फोन लावला.

आमच्यासारख्यांची ही लहानपणापासूनची सवय. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरसमोर, दुकानदाराच्या तोंडावर आम्ही घरच्या मराठीत बिनधास्त बोलतो. साडी महाग आहे, हा माणूस लबाड दिसतो, उठ जाऊं आतां. कोणाला कळत नाही. ती भाषा नव्हे, आमचं दार असतं. आत शिरलं की ओढून घ्यायचं. त्या दिवशीही मी तेच केलं.

‘‘अक्का, सगळं बंद आहे गे इकडे. आतां काय करूं मी? मज कांहीं सुचत नाहीं.’’

‘‘कुठं तरी हॉटेलांत बसा की.’’

‘‘हॉटेल नोको! मागल्या वेळीं बिल आलं तेव्हां त्याचं तोंड कसं झालं ते तुज सांगिटलें ना? मणून तर पैसे न लागायाचं असं एकेक शोधून काढलें मी. कॉफीचेहि मीच दिले. गजरा घेऊं लागला, ते हि नोको मटलें. बिचारा आहे गे. त्याजकडे कांहीं नाहीं. खिशांत हात घालायाची पाळीच त्याजवर यायाला नोको.’’

अक्का काही तरी बोलत होती. माझं लक्ष गेलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा गच्चीवरच्या त्या रात्रीसारखा झाला होता. मी फोन बंद केला.

‘‘काय झालं?’’ मी तमिळमध्ये विचारलं.

‘‘काही नाही,’’ तो तमिळमध्येच म्हणाला. ‘‘तुमच्या ताईंना सांगा, माझ्याकडे अगदीच काही नाही असं नाही.’’

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मला त्या गल्लीत कळलं.

‘‘आमच्या घरची भाषा कुठून आली असं तुम्हांला वाटतं?’’ तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘तीही तिकडूनच, वरून, खूप आधी. घर, पाणी, हात, आमच्यातही जवळपास तसंच. निम्मं कळतं मला. दवाखान्यातही कळायचं, तुम्ही आईशी फोनवर बोलायचात तेव्हा. छान वाटायचं ऐकायला.’’ थोडा थांबून तो म्हणाला, ‘‘आणि बिचारा तर कोणालाही कळेल, तुमच्या तोंडाकडे बघून.’’

मला हे सुचायला हवं होतं. गावात हजारो सौराष्ट्री घरं आहेत, शाळेत माझ्या बाकावर त्यांची मुलगी बसत होती. पण आमची भाषा राजांबरोबर आली, त्यांची मागाबरोबर, दोन्हींत काही नातं असेल हा विचार आमच्या घरात कोणी कधी केला नाही. मीही केला नाही. ही माझी चूक केवळ फोनवरची नव्हती, आणि ते मला तिथल्या तिथे कळलं, म्हणून जास्त लागलं.

तो वळून बसथांब्याकडे चालायला लागला. मी मागोमाग. रस्त्यात मी तमिळमध्ये माफी मागत राहिले. तसा अर्थ नव्हता, तुमचा अपमान करायचा नव्हता, वगैरे वगैरे. दवाखान्यात डॉक्टर उशिरा येतात तेव्हा मी पेशंटना जशी वाक्यं ऐकवते तशीच ती निघत होती, गुळगुळीत. थांब्यावर सिमेंटचा बाक होता. तो बसला. बस दिसत नव्हती.

‘‘मी त्या हॉटेलात का गेलो माहीत आहे?’’ तो म्हणाला. ‘‘कोणी मला बिचारा म्हणू नये म्हणून. भावाकडून पैसे मागवून गेलो. आज सकाळी तुम्ही वही काढलीत तेव्हा मला वाटलं, हिला ते काही नकोच आहे, हिला हे हवं होतं. मी किती हलका झालो होतो. आणि आता कळतंय की वही स्वस्त होती म्हणून.’’

‘‘वही स्वस्त होती म्हणून नाही!’’ मी ओरडले. थांब्यावरची एक म्हातारी दचकली.

‘‘मग गजरा?’’

उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव. मी म्हटलं, ‘‘आणि तुम्ही? तुम्ही विणकरांच्या घरातले. भट्ट्या बंद असणार हे तुम्हांला माहीत नव्हतं?’’

तो बस येते त्या वाटेकडे बघायला लागला.

‘‘माहीत होतं ना?’’

‘‘बसमध्ये तुम्ही ओतकाम बघू म्हणालात तेव्हाच.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘तुम्ही इतक्या हौसेने ठरवलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘वाईट वाटलं असतं तुम्हांला.’’

मी त्याच्याकडे बघत राहिले. सकाळपासून तो माझ्या शेजारून चालत होता, मी तोंडघशी पडणार हे जाणून, आणि मला सांभाळत होता. मी त्याच्या खिशाला सांभाळत होते. गच्चीवर सूप आणि आइस्क्रीम यांनी जे केलं तेच आम्ही उन्हात पुन्हा केलं होतं, बिलाशिवाय. एवढ्या विचाराने ठरवलेल्या सकाळीत आम्ही एकमेकांना एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती. आणि आता बस येणार, तो चढणार, मी लेखी दिल्याप्रमाणे त्याला पुन्हा त्रास देणार नाही, आणि उद्यापासून जबडे.

माझं तमिळ संपलं. खरंच संपलं. जे बाहेर पडलं ते घरचं होतं. त्या आधी मी घराबाहेरच्या कोणाशी त्या भाषेत बोलले नव्हते.

‘‘तुमी बिचारे नाहींत. मी आहें. अप्पांची नोकरी जाऊन दोन वरसं झालीं. ते कोणास सांगायाचं नाहीं, आमच्या घराची अब्रू जाती मणे. माझ्या पगारांत घर चालतें. महिन्याच्या वीस तारखेनंतर मजकडे बसला हि नसतं, बायकांस फुकट आहे मणून मी कामाला जातें. ते हॉटेल तुमास जड गेलं तसं मज हि गेलं असतं, पण मी नुस्तं बसलें आणि तुमची कीव केलें. आपली करायास भीति वाटती. तुमची केली की मी मोठ्या घरची होतें.’’

तो ऐकत होता, मान थोडी कलती करून, प्रत्येक शब्द उचलून बघावा तसा. किती कळलं, किती नाही, ठाऊक नाही. मला थांबता येईना. बोलून पुरे पडत नव्हतं. बोलणं काय, मी सकाळपासून दहा खोट्या गोष्टी बोलले होते. मी फोन काढला. बँकेचं ॲप उघडलं, गुप्त आकडे दाबले आणि शिल्लक दिसली तशी ती पट्टी त्याच्यासमोर धरली. ती मी अम्मालाही दाखवत नाही. अक्कालाही नाही. उन्हात आकडा दिसेना म्हणून त्याने माझं मनगट धरून फोन सावलीत वळवला.

त्याने आकडा बघितला. कीव आली असेल तर त्याने लपवली नाही. मग माझं मनगट सोडून त्याने स्वतःचा फोन काढला. आकडे दाबले. तिथे नेटवर्क खरंच कच्चं होतं; वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि आम्ही दोघं डोकी जवळ आणून त्या वर्तुळाकडे बघत बसलो. म्हातारीला वाटलं असेल, काही तरी निकाल लागायचा आहे.

शिल्लक आली. माझ्यापेक्षा कमी होती. मला त्याची कीव आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण या वेळी ती त्याच्या तोंडावर आली, आणि त्याने ती बघितली, आणि त्याचं तोंड गच्चीवरच्यासारखं झालं नाही.

तो त्याच्या घरच्या भाषेत काही तरी बोलला. अगदी हळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द वेगळा करून. मला निम्मंच कळलं. दोघांचे मिळून किती, असं काही तरी, आणि मग आता कुठे जायचं.

कुंभकोणमची बस आली, थांबली, म्हातारीला घेऊन निघून गेली. तो बसलेलाच होता.